बारा महिन्यांचा पगार, दहा महिन्यांचा वर्ग

सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा भागात खानदेशी कामगारांच्या वस्त्यांत काम करणाऱ्या लहान संस्था कंपन्यांकडे प्रस्ताव पाठवतात. त्यातलं कामाचं वर्णन मन लावून लिहिलेलं असतं. खर्चाचा तक्ता हिशेबनीस करतो, आणि त्याखालचं बजेट जस्टिफिकेशन शेवटच्या रात्री उरकलं जातं. प्रत्येक रकमेपुढे तेच वाक्य: ‘प्रकल्पासाठी आवश्यक.’ आवश्यक नसतं तर मागितलंच नसतं! देणाऱ्याला विचारायचं असतं ते वेगळंच. ही रक्कम कुठून आली, आणि ती कोणत्या कामावर जाते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. महापालिकेच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे चार अभ्यासवर्ग, प्रत्येकी तीस मुलं. तक्त्यात खाऊसाठी 1,68,960 रुपये आहेत. नुसता आकडा पाहून कुणीही म्हणेल, दीड लाख करा. आता शेजारी असं लिहा: ‘पटावर 120 मुलं, हजेरी 80 टक्के धरून रोज 96 मुलांना खाऊ, महिन्याला 22 दिवस, दहा महिने, दर मुलामागे 8 रुपये. दर वस्तीतल्या दोन दुकानांच्या लेखी दरपत्रकांवरून.’ आता कुणाला कापायचं असेल तर त्याला मुलं, दिवस किंवा दर यांतलं काहीतरी कमी करून दाखवावं लागतं. हजेरी शंभर टक्के धरली असती तर वर्षाअखेरीला पैसे उरले असते, आणि उरलेल्या पैशांचा खुलासा देणं हे कमी पडलेल्या पैशांइतकंच अवघड असतं.

दहा महिने का, हा प्रश्न मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्याला पडणारच. दिवाळीत कारखाने बंद पडले की वस्ती गावाकडे निघते. पुढे आखाजीला बायका माहेरी जातात, लग्नसराई असते, शाळेलाही सुट्टी. त्या काळात वर्ग भरवून उपयोग नाही. पण त्याच तक्त्यात शिक्षिकांचं मानधन बारा महिन्यांचं आहे: चार शिक्षिका, दरमहा 9,000, एकूण 4,32,000. खाऊ दहा महिन्यांचा आणि मानधन बाराचं, ही विसंगती तपासणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरते. खुलासा मागवल्यावर देण्यापेक्षा तो आधीच लिहावा: ‘वर्ग बंद असतील तेव्हा शिक्षिका घरभेटी, नव्या पटाची नोंदणी आणि शाळाप्रवेशाची कागदपत्रं ही कामं करतील.’ मात्र ही कामं कामाच्या वेळापत्रकातही दिसली पाहिजेत. तिथे एप्रिल-मे कोरे असतील तर हे वाक्य पळवाट वाटतं, आणि बहुतेक वेळा ते असतंही.

समन्वयकाचा पगार 25,000. त्यातला निम्मा इथे, म्हणजे वर्षाला 1,50,000. उरलेला निम्मा कोण देतं ते लिहिलं नाही, तर एकच माणूस तीन देणगीदारांकडून मिळून दीड पगार घेताना सापडतो. हे लबाडीपेक्षा विसराळूपणाने जास्त घडतं. हिशेब तपासनीस मात्र तसं मानत नाही. त्यासाठी वेळेची नोंदवही हवी.

हिशेबनिसाचा पगार दाखवायला संस्था घाबरतात, कारण ‘प्रशासनावर पाच टक्केच’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती मर्यादा सीएसआर नियमांत आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. एखादी कंपनी स्वतःच्या धोरणाने वेगळी अट घालते, तेव्हा ती पाळायचीच. परदेशी निधीचा मामला निराळा: 2020 च्या दुरुस्तीने एफसीआरएखालची प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, ती संस्थेवरच बंधनकारक आहे. पण शिकवणाऱ्या शिक्षिकेचं मानधन त्यात मोजलं जात नाही. म्हणून जस्टिफिकेशनमध्ये ‘कर्मचारी खर्च’ असा एकच गठ्ठा बांधू नये. कोण शिकवतं आणि कोण कार्यालय सांभाळतं ते वेगळं लिहावं. हिशेबनिसाचा पगार ‘शैक्षणिक साहित्या’त लपवला, तर बिलं मागितल्यावर साहित्याची बिलं कुठून आणणार?

शेवटी कपातीचं. या उदाहरणात खोलीभाडं दरमहा 5,000 धरलं, तर एका वर्गाचा वर्षाचा खर्च असा: मानधन 1,08,000, भाडं 60,000, खाऊ 42,240, एकूण 2,10,240. कंपनी म्हणाली, दोन लाख कमी करा. संस्था घाबरून प्रत्येक ओळीतून थोडं थोडं खरवडते आणि मुलं मात्र 120 च ठेवते. मग कंपनीला वाटतं, पहिला तक्ता फुगवलेलाच होता. पुढच्या वर्षीही ती तसाच कापते. त्याऐवजी उत्तर द्यावं: तीन वर्ग, 90 मुलं. चौथा वर्ग कोणत्या वस्तीतला बंद होईल, तेही त्याच पत्रात लिहावं.