निवेदनाखालचं संगीत

निवेदक बोलू लागला की मागची बासरी खाली उतरते, तो थांबला की वर येते. पूर्वी हे काम फेडरवरच्या बोटांचं होतं. आता घरी माहितीपट किंवा पॉडकास्ट करणारे ते ऑटो डकिंगवर सोपवतात. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संगीताचा ट्रॅक वर, निवेदनाचा लगेच त्याखाली ठेवायचा, संगीताचा ट्रॅक निवडायचा आणि ऑटो डक चालवायचं. निवेदनाचा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला, की संगीत १२ डेसिबलने उतरतं.

ही पातळी म्हणजे थ्रेशोल्ड, आणि मराठी निवेदनाचा घात होतो तो इथेच. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, नकारही शेवटी. ‘हे पाणी पिण्यासारखं नाही’ म्हणताना शेवटच्या शब्दापर्यंत श्वास संपत येतो आणि आवाज पडतो. थ्रेशोल्ड मुळात उणे ३० डेसिबलवर असतो. ‘नाही’ हा शब्द उणे ३६वर उच्चारला गेला आणि पुढे मोठा विराम असला, तर सॉफ्टवेअरच्या लेखी बोलणं ‘पिण्यासारखं’लाच संपतं. बासरी ‘नाही’वरच चढू लागते आणि ऐकणाऱ्याला उलटंच ऐकू येतं.

म्हणून आधी दोन मोजमापं घ्या. कुणी बोलत नसताना खोलीचा आवाज किती आणि निवेदनातला सर्वांत हळू शब्द किती? पहिला उणे ५० आणि दुसरा उणे ३६ असेल, तर थ्रेशोल्ड उणे ४२च्या आसपास हवा. त्याहून फार खाली नेलात, तर पंख्याची घरघरही बोलणं ठरेल आणि संगीत कधी वर येणारच नाही.

दुसरी खोड विरामांची. एका सेकंदापेक्षा मोठी शांतता आली की संगीत परत येऊ लागतं. सावकाश वाचणारा निवेदक दोन वाक्यांमध्ये तेवढा सहज थांबतो आणि संगीताचे हेलकावे सुरू होतात. ‘मॅक्सिमम पॉज’ दोन-अडीच सेकंदांवर न्या. जिथे संगीत खरोखर ऐकवायचंय, तिथे विरामच पाच-सहा सेकंदांचा ठेवा.

आता अंतर किती? वेबसाठीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली असावा, असं म्हटलं आहे. कमी ऐकू येणाऱ्यांचा विचार करून ठरवलेला हा आकडा मला सगळ्यांसाठीच योग्य वाटतो. निवेदनाची सरासरी उणे १८ आणि संगीताची उणे २० असेल, तर १२ उतरवूनही अंतर १४च राहतं. उरलेले ६ डेसिबल डकिंगमधून काढू नका, नाहीतर दर विरामाला संगीत १८ डेसिबलने उसळेल. संगीताचा ट्रॅकच आधी ६ने खाली घ्या.

आणि गायलेलं गाणं मात्र निवेदनाखाली ठेवूच नये. ते कितीही उतरवलं तरी कान त्यातले शब्द शोधत राहतो.