बांधावरच्या सागाचं घनफूट

बांधावरचा साग विकताना ओंडका स्वतः मोजा. साल काढून बरोबर मध्यावर फीत गुंडाळा. समजा, घेर 48 इंच भरला. त्याचा चौथा हिस्सा 12 इंच, म्हणजे 1 फूट. 1 गुणिले 1, गुणिले लांबी 10 फूट. झाले 10 घनफूट. खरं तर गोल ओंडक्यात पावणेतेरा घनफूट लाकूड असतं. ही रीत एकवीस-बावीस टक्के कमीच धरते, कारण चौरस कापताना कडेचं लाकूड वाया जातं. एवढी सूट व्यापाऱ्याला आधीच मिळालेली असते. त्यात फीत निमुळत्या टोकाला लावली आणि घेर 44 इंच आला, तर हिशेब 8.4 घनफुटांवर उतरतो. म्हणून भाव ठरवतानाच मध्यावरचं माप बोलून घ्या. ओंडका फार वाकडा असेल, तर तुकडे पाडून वेगवेगळे मोजा.