भोरड्यांचा थवा आणि त्यांतील सात शेजारी



गेल्या हिंवाळ्यांतील एका सायंकाळीं मी कल्याणास दुर्गाडीच्या किल्ल्याखालीं खाडीकांठीं उभा होतों. सूर्य मावळावयास थोडाच अवकाश होता. शेतांकडून भोरड्यांचा एक थवा आला, त्याला दुसरा येऊन मिळाला, मग तिसरा. आणि पाहतां पाहतां पाण्यावर काळ्या धुरासारखा एक लोट तयार होऊन तो फिरूं लागला. कधीं तो लांबट होई, कधीं मध्येंच दुभंगल्यासारखा वाटून पुन्हां सांधला जाई. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, "अहो, ह्यांचा म्होरक्या कोणता?" त्या प्रश्नाचें उत्तर मी तेव्हां घाईघाईनें दिलें, आज तेंच जरा सावकाशीनें द्यावें, एवढाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

भोरडी आपल्या साळुंकीच्याच कुळांतली. अंग गुलाबी, डोकें, पंख व शेपूट काळीं, माथ्यावर तुरा. उन्हाळ्यांत ती मध्य आशियांतील गवताळ मुलखांत अंडीं घालते, आणि जुलै-ऑगस्टपासून आपल्याकडे येऊं लागते. ज्वारीच्या कणसांवर तिची धाड पडते म्हणून शेतकरी तिला शिव्या देतो. तीच टोळ फस्त करते ही गोष्ट मात्र तो सहसा बोलून दाखवीत नाहीं. पळस, पांगारा व सांवर फुलले कीं ती त्या फुलांतील मधावर तुटून पडते, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक परत गेलेली असते. रात्रीच्या वसतीसाठीं मात्र ह्या भोरड्या हजारोंनीं एकत्र जमतात, आणि उतरण्यापूर्वीं हा आकाशांतला खेळ मांडतात.

म्होरक्याचा प्रश्न जुनाच आहे. एडमंड सेलस नांवाच्या एका इंग्रज पक्षिनिरीक्षकानें आयुष्यभर असे थवे पाहिले, आणि 1931 सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून असा तर्क पुढें मांडला कीं, एका पक्ष्याच्या मनांतला विचार त्याच क्षणीं सर्वांच्या मनांत उमटत असावा. आज आपणांस हें हास्यास्पद वाटतें. परंतु सेलस हा भोळा मनुष्य नव्हता. हजार पक्षी एकाच क्षणीं वळले असें त्याला डोळ्यांनीं दिसत होतें, आणि म्होरक्या तर कोठेंच दिसत नव्हता. डोळ्यांना जें दिसतें त्याला तेवढाच अर्थ लावतां येत होता.

खरी अडचण होती ती मोजण्याची. एका छायाचित्रांत थवा म्हणजे ठिपक्यांचा एक सपाट पसारा. कोणता ठिपका पुढें आहे व कोणता मागें, हें त्यावरून कळत नाहीं. दोन ठिपके एकमेकांस चिकटून दिसले, तरी ते पक्षी प्रत्यक्षांत दहा मीटर दूर असूं शकतात. दोन डोळ्यांनीं आपणांस जशी खोली कळते तशी ती कळण्यास दोन कॅमेरे हवेत, हें उघड आहे. पण डावीकडील चित्रांतल्या हजार सारख्या ठिपक्यांपैकीं उजवीकडील चित्रांतला त्याचा जोडीदार कोणता, हें कसें ठरवावयाचें? हा गुंता कित्येक वर्षे कोणाला सुटला नाहीं, आणि म्हणून थोड्या पक्ष्यांपलीकडे कोणाचें मापन गेलें नाहीं.

तो गुंता सोडविला रोम शहरांतील पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं. आपल्याकडे जशा स्टेशनाजवळच्या झाडांवर सायंकाळीं साळुंक्या कलकलाट करितात, तशा रोमच्या तेर्मिनी ह्या मोठ्या रेल्वे स्टेशनासमोरील झाडांवर युरोपीय मैना, म्हणजे भोरडीचींच चुलत भावंडें, हिंवाळ्यांत वसतीस येतात. जवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवर आंद्रेआ कावान्या, इरेने ज्यार्दिना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारे 25 मीटर अंतरावर दोन कॅमेरे बसविले, जुळणीच्या मदतीस तिसरा ठेवला, आणि 2005 ते 2007 ह्या काळांतील हिंवाळ्यांत सेकंदास दहा ह्या वेगानें छायाचित्रें घेतलीं. त्या मंडळींत ज्यॉर्जो पारिसी हेही होते. 2021 चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळालें तेच हे. एकेका ठिपक्याची ओळख पटत नाहीं, पण त्याच्या भोंवतालच्या ठिपक्यांची जी नक्षी असते तिची पटते, ह्या युक्तीनें त्यांनीं जोड्या जुळविल्या. लहानांतला लहान थवा सुमारे साडेचारशें पक्ष्यांचा, मोठांतला मोठा सुमारे सव्वीसशेंचा, असे दहा थवे त्यांनीं पक्षी-पक्षी करून अवकाशांत मांडले.

पहिला शोध असा कीं, थवा हा चेंडूसारखा गोल नसतो. तो एखाद्या जाड चादरीसारखा असतो, व ती चादर बहुधा जमिनीशीं समांतर असते. चादर आपल्या दृष्टीस कडेनें आली कीं काळीभोर दिसते, आणि तिचा पसारा समोर आला कीं विरळ भासते. आपण जिला दाट होणें व विरळ होणें म्हणतों तें पुष्कळ वेळां असें दृष्टीचें कौतुक असतें. प्रत्यक्षांत थव्याच्या कडेला पक्षी अधिक दाट असतात व मध्यभागीं विरळ. म्हणजे आपल्या लोकलच्या डब्याच्या दारासारखीच स्थिति म्हणा ना!

आतां मुख्य गोष्ट. एक पक्षी घ्या, आणि त्याचा सर्वांत जवळचा शेजारी कोणत्या दिशेस आहे तें टिपा. असें थव्यांतील प्रत्येक पक्ष्याचें करा. तर असें आढळलें कीं, जवळचा शेजारी नेमका पुढें किंवा नेमका मागें फारसा नसतोच. तो बहुधा बाजूस असतो. पक्ष्याची शिस्त येथें दिसते. मग दुसऱ्या क्रमांकाचा शेजारी घ्या, तिसरा घ्या. ही शिस्त हळूहळू सैल होत जाते, आणि सहाव्या-सातव्या शेजाऱ्यापाशीं ती नाहींशी होते. त्यापुढचे पक्षी कोणत्याही दिशेस सारखेच सांपडतात. म्हणजे पक्षी आपलें वागणें जुळवितो तें ह्या सहा-सात जणांशीं. त्यांच्यापलीकडील हजारोंशीं त्याचा थेट संबंध नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ह्यांत नवल तें काय? प्रत्येकाची नजर कांहीं ठराविक अंतरापर्यंत पोहोंचत असेल, आणि त्या अंतरांत सात पक्षी बसत असतील. 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचें सारें महत्त्व ह्या शंकेच्या उत्तरांत आहे, म्हणून जरा हिशेब करूं. त्या दहा थव्यांत अगदीं दाट थव्यांत जवळच्या शेजाऱ्याचें अंतर सुमारें पाऊण मीटर होतें, व अगदीं विरळ थव्यांत सुमारें दीड मीटर, म्हणजे दुप्पट. दाट थव्यांत सातवा शेजारी साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटरांवर येतो. आतां पक्षी जर अंतर पाहून वागत असता, आणि त्याची मर्यादा हीच एक मीटर चाळीस असती, तर विरळ थव्यांत काय झालें असतें? अंतर दुप्पट झालें कीं तेवढ्याच जागेंत मावणारे पक्षी आठपटीनें घटतात, कारण लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही दुपटीनें वाढतात. तेव्हां साताऐवजीं त्याच्या वांट्यास सरासरीनें एकही शेजारी पुरा आला नसता, आणि तो एकटा पडला असता. उलट विरळ थव्यास पुरेल एवढी मर्यादा धरली, तर दाट थव्यांत त्याला एकाच वेळीं पन्नासांहून अधिक पक्ष्यांकडे लक्ष द्यावें लागलें असतें. प्रत्यक्ष मापनांत मात्र थवा दाट असो वा विरळ असो, शिस्त संपते ती सहाव्या-सातव्या शेजाऱ्यापाशींच. त्याचें अंतर बदलतें, क्रमांक बदलत नाहीं. पक्षी अंतर मोजीत नाहीं, शेजारी मोजतो.

ह्याचा फायदा काय, हें बहिरी ससाणा आल्यावर कळतें. ससाणा झेपावला कीं थवा एके ठिकाणीं आवळतो, दुसरीकडे ताणला जातो. अंतराचा नियम पाळणारे पक्षी ताणल्याबरोबर एकमेकांस मुकतील व थव्याच्या चिंधड्या होतील. आणि एकटें पडलेलें पांखरूं हेंच तर ससाण्याला हवें असतें. संख्येचा नियम पाळणाऱ्याचे सात शेजारी कितीही ताणले गेले तरी सातच राहतात. संशोधकांनीं गणकयंत्रावर दोन्ही प्रकारचे कृत्रिम थवे उडवून त्यांच्यावर कृत्रिम ससाणा सोडला, तेव्हां अंतराचा थवा अधिक वेळां फुटला, संख्येचा बहुधा एकसंध राहिला.

परंतु सात शेजाऱ्यांच्या ओळखीवर हजारांचा थवा एकदम वळतो कसा? तो एकदम वळतच नाहीं. त्याच मंडळींनीं 2014 सालीं दाखवून दिलें कीं, वळण थव्याच्या कडेजवळच्या, एकमेकांलगत असलेल्या मोजक्या पक्ष्यांपासून सुरू होतें आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सेकंदास 20 ते 40 मीटर ह्या वेगानें पसरतें. मैना स्वतः उडते सेकंदास सुमारे 10 मीटर. चारशें पक्ष्यांच्या थव्यांतून वार्ता पार होण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो, आणि तो अर्धा सेकंद आपल्या डोळ्यांना व सेलसच्या डोळ्यांना दिसत नाहीं. विशेष हें कीं, कानगोष्टींत निरोप जसा बिघडत जातो तसा तो येथें बिघडत नाहीं. वळणारा पक्षी आपलें वळण अंगाच्या कलण्यांतून दाखवितो, आणि तें शेवटच्या पक्ष्यापर्यंत जसेंच्या तसें पोहोंचतें. वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर हेंच: म्होरक्या नाहीं, आज वळण सुरू करणारा एक, तर दुसऱ्या क्षणीं दुसराच. ते सात शेजारीही कायमचे नसतात, उडतां उडतां ते बदलत राहतात.

सातच कां, ह्याचें एक उत्तर 2013 सालीं त्याच रोमच्या थव्यांचा हिशेब करून देण्यांत आलें. शेजारी वाढविले तर चुकीच्या वार्तेपासून थव्याचें रक्षण होतें, पण प्रत्येक शेजाऱ्याकडे लक्ष देण्याचे श्रमही वाढतात. श्रमांच्या मानानें लाभ सर्वांत अधिक होतो तो सहा-सात शेजाऱ्यांपाशीं. थव्याची चादर अधिक जाड असती तर ही संख्या थोडी निराळी आली असती. तेव्हां सात ह्या आंकड्यास सप्तर्षींप्रमाणें पावित्र्य देण्याचें कारण नाहीं. शिवाय हें मापन युरोपीय मैनांचें आहे. आपली भोरडी त्यांच्या इतक्या जवळच्या नात्याची, आणि तिचे थवे दिसावयास इतके सारखे, कीं तिचाही नियम असाच असावा, हें अनुमान झालें.

ज्यांना स्वतः पाहावयाचें असेल त्यांनीं हिंवाळ्यांत सूर्यास्तापूर्वीं अर्धा तास खाडीकांठच्या मोकळ्या जागीं जाऊन उभें राहावें. नजर थव्याच्या मध्यावर ठेवूं नये. ती एका कडेवर ठेवावी. मध्यावर पाहणाराला सारें एकदम घडल्यासारखें वाटतें. कडेवर पाहणाराला, नशीब असेल तर, चार-सहा पंख आधीं कलतांना दिसतात, आणि मग तो कल काळ्या रेघेसारखा थव्यांतून आरपार जातो. ती काळी रेघ पक्ष्यांच्या दाटीची नव्हे. कलल्यामुळें पंखांची रुंद बाजू आपल्याकडे येते म्हणून तेथें थवा गडद दिसतो. दुर्गाडीखालीं त्या सायंकाळीं अशी रेघ मला दोनदां दिसली. तिसऱ्यांदा ती दिसण्यापूर्वींच सारा थवा पलीकडच्या झाडींत उतरला, आणि तेथून नुसता कलकलाट ऐकूं येऊं लागला.