दोन पत्रिकांतील मंगळ आणि शनी
(उत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



'मुलाचा मंगळ मुलीच्या शनीवर पडतो' एवढ्याच कारणावरून आमच्या घरचे एक स्थळ मोडले. सारी हयात हिशेबाच्या वह्यांत घालविलेल्या माणसाने त्यानंतर हा प्रश्न हिशेबानेच तपासला. तो आपणांपुढे ठेवतो.

समजा, वराचा मंगळ कन्येत १२ अंशांवर आणि वधूचा शनी कन्येतच १४ अंशांवर आहे. ही दोन अंशांची युती झाली. ज्योतिषी तिचे वर्णन असे करतात : मंगळ म्हणजे उरक, शनी म्हणजे लगाम. घराची डागडुजी काढायची झाल्यास वर म्हणतो, उद्याच गवंडी बोलावू. वधू म्हणते, आधी खर्चाचा अंदाज येऊ द्या. पहिल्याला अडविल्यासारखे वाटते, दुसरीला ढकलल्यासारखे. ह्यालाच ते वैफल्य म्हणतात. अडविलेला मंगळ चिडतो, तर घाई झालेला शनी अबोला धरतो.

आता उलट बाजू पाहू. वधूचा मंगळ वृश्चिकेत २४ अंशांवर आणि वराचा शनी कर्केत २६ अंशांवर असल्यास दोहोंत ११८ अंशांचे अंतर पडते. हा जवळजवळ पूर्ण नवपंचम होय. येथे ज्योतिषी शिस्त आणि चिवटपणा वाचतात : ती काम सुरू करते, तो ते शेवटास नेतो. अर्थात त्याच जोडप्यात अडचण आणि आधार दोन्ही आहेत. एकच बाजू पाहून निकाल देणे म्हणजे खात्याची केवळ नावे बाजू वाचणे होय.

आता माझा हिशेब. युती, प्रतियोग, दोन केंद्रे आणि दोन नवपंचम अशा सहा जागा धरून प्रत्येकीस दोन्हीकडे तीन-तीन अंशांची मुभा दिली, तर ३६० पैकी ३६ अंश व्यापले जातात. म्हणजे दहांत एक. हा योग दोन्ही बाजूंनी तपासायचा असल्याने साधारणपणे पाच जोडप्यांत एकास तो निव्वळ योगायोगानेच सापडणार. शिवाय शनी वर्षाकाठी सुमारे १२ अंशच चालतो. त्यामुळे त्या वधूच्या आगेमागे काही महिन्यांत जन्मलेल्या बहुतेक मुलींचा शनीही तेथेच आसपास असतो. मग दोष तिचा एकटीचा कसा?

गुणमेलनाच्या ३६ गुणांतही हा योग मोजला जात नाही, कारण ते गुण चंद्राच्या राशी-नक्षत्रांवरून काढतात. वरील वर्णने ही ज्योतिषांची भाषा आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. म्हणून कोणी असा योग दाखविल्यास तीन गोष्टी विचाराव्या : अंतर किती अंशांचे, योग कोणता आणि उलट बाजूस काय आहे. उत्तर केवळ 'एकाच राशीत' असे आले, तर दोहोंत २९ अंशांचेही अंतर असू शकते. तेवढ्यावरून स्थळ नाकारू नये.

आमच्या घरच्या त्या दोन पत्रिका मी पुढे काढून पाहिल्या. राशी एकच होती. अंतर निघाले २३ अंशांचे.