मांजराला दोरीवर फिरवायचंय? आधी उलटं चालवून बघा

आजचा विषय मांजराचा हार्नेस. आमच्या श्रीगोंद्यात मांजराला दोरी लावून निघालं की लोक हसतात. हसू देत. गल्लीत मोकाट कुत्री आहेत, आणि जरा पुढे ऊस. उसात शिरलेलं मांजर हाका मारून सापडत नाही.

पहिलं म्हणजे, गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधू नका. मांजर दचकून उडी मारतं तेव्हा सगळा झटका गळ्यावर येतो. छाती आणि पोट धरणारा हार्नेस घ्या. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये तुमची एक-दोन बोटं जातील इतकाच सैल.

माझी गुंडी दीड वर्षाची आहे. पहिले चार दिवस हार्नेस नुसता तिच्या ताटलीशेजारी ठेवला. मग जेवताना पाठीवर टाकला, बक्कल न लावता. नंतर बक्कल लावून दोन मिनिटं. तर बाईसाहेब धपकन आडव्या पडल्या! घाबरू नका, बरीच मांजरं असंच करतात. अंगावर दाब आला की थिजतात. ओढून उभं करायचं नाही. मी उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकापासून वीतभर लांब धरला. तिसऱ्या दिवशी ती उठून चालली. मग घरातच दोरी मागे ओढू दिली, अर्थात माझ्या नजरेसमोर.

आता खरी गंमत. मांजर हार्नेसमधून पुढे पळून सुटत नाही, मागे सरकून सुटतं. दोरी समोरून ताणली की ते उलटं सरकतं, खांदे आकसतं, पुढचे पाय काढून घेतं, की झालं! म्हणून दार बंद करून चाचणी घ्या. समोर बसा, दोरी हलकेच ताणा, मांजराला मागे सरकू द्या. गुंडीचं कोपर बारीक पट्ट्यांच्या हार्नेसमधून बाहेर यायला लागलं, म्हणून जाकिटासारखा रुंद घेतला. त्यातून ती निघाली नाही. बाहेर ती मागे सरकायला लागली की दोरी ढिली सोडून मी तिच्या मागच्या बाजूला जाते. ती पुढे, मी मागे, दोरी सैल. तिला कुत्र्यासारखं 'चल' म्हणून नेता येत नाही.

अंगणात पहिल्यांदा नेलं ते पिंजऱ्यातून, सकाळी लवकर, पाच मिनिटं. दारातून स्वतःच्या पायानं जाऊ देत नाही, नाहीतर दार उघडलं की पळायची सवय लागते. पिंजरा उघडाच ठेवते, लपायला तिला तीच जागा. पोट जमिनीला टेकवून, कान चपटे करून बसली की त्या दिवशी फिरणं बंद.

कुत्रा दिसला तर उचलून छातीशी धरू नका, घाबरलेलं मांजर तुमचाच चेहरा फाडेल. जाड टॉवेल टाकून गुंडाळा, पिंजऱ्यात ठेवा. दोरी झाडाला बांधून चहाला जाणं तर अजिबात नाही. आणि रेबीजची लस झाल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

गुंडी आता लिंबाच्या झाडाखाली वीस मिनिटं नुसती बसते. एवढंच तिचं फिरणं.