तीन तारखांचा ताळा

पेण अथवा रोहा येथील एखादी रखडलेली इमारत पाहून परतलेल्या वार्ताहरापाशी ग्राहकांची फिर्याद आणि बांधकाम व्यावसायिकाची कैफियत अशा दोन्ही बाजू असल्या, तरी लेखणी उचलण्यापूर्वी त्याने तीन तारखा ताडून पाहिल्याच पाहिजेत: नोंदणीकृत करारनाम्यातील ताब्याची, महारेराच्या दप्तरी व्यावसायिकाने प्रथम नोंदविलेली आणि मुदतवाढीनंतरची. ‘आमची मुदत अद्याप उलटलेली नाही’ हा दावा बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या तारखेवर उभा असतो, व तेवढ्यापुरता तो खराही असतो. परंतु नीलकमल रिअल्टर्सच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी निर्णय दिला, की ग्राहकाच्या हक्कापुरता विलंब करारनाम्यातील तारखेपासूनच मोजावयाचा. हा भेद न उमगलेले वृत्त, हेतू कितीही शुद्ध असो, एका पक्षावर अन्यायच करते. त्यानंतर त्रैमासिक अहवालातील वास्तुविशारदाच्या दाखल्यात कामाची जी टक्केवारी दिली असेल, ती घेऊन प्रत्यक्ष जागेवर जावे आणि स्लॅब, गिलावा, उद्वाहन यांच्याशी पडताळावी. ग्राहकांनी हप्ते वेळेवर भरले होते काय, हेही पावत्यांवरून पाहावे. हा ताळा करारनाम्यातील तारखेवाचून जुळत नाही; म्हणून ग्राहकांना विनंती, की वार्ताहराकडे जाताना करारनाम्याची प्रत अवश्य सोबत न्यावी.