भुईकाट्यावरच्या माणसाचा सत्कार
(जिल्हा बैठकीत वर्षातील उत्तम कामगाराच्या सत्काराच्या वेळी केलेले भाषण)



मागच्या वर्षी याच मांडवात आपल्या कापूस संकलन केंद्रातल्या एका कामगाराचा सत्कार झाला. व्यवस्थापनाच्या वतीने आम्हीच बोललो. प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ, केंद्राचा आधारस्तंभ, असे सगळे बोलून झाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारेबाबा उठले आणि म्हणाले, "साहेब, हे सगळं ठीक. पण त्यानं केलं काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या कामगाराने वर्षभर काही केले नव्हते असे नाही. पण ते आम्ही पाहिले नव्हते, विचारले नव्हते, लिहूनही ठेवले नव्हते. मंत्र्याच्या भाषणात 'बळिराजा' म्हटले की तुम्ही कपाळाला हात लावता. आम्ही आमच्याच माणसाला तसेच शब्द दिले होते.

म्हणून या हंगामात केंद्राच्या खोलीत एक वही टांगली. कोणी काही चांगले केलेले दिसले तर त्यात तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या दिवशी, नेमके काय घडले, आणि पाहिले कोणी. 'चांगला माणूस आहे' असे लिहिलेले धरायचे नाही. हंगाम संपल्यावर ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे आम्ही स्वतः जाऊन विचारले. निम्म्या नोंदी तिथेच गळाल्या. दोन नोंदी आपल्या भुईकाटेवाल्या भाऊंच्या होत्या, त्या तपासून पक्क्या झाल्या. त्याच सांगतो.

पहिली नोव्हेंबर २०२५ मधली. रात्री अवकाळी सर आली होती. सकाळी आठला काटा सुरू झाला, आकडा शून्यावर होता. साडेदहापर्यंत चौदा ट्रॉल्या तोलून झाल्या. पंधरावी ट्रॉली फलाटाच्या मधोमध न थांबता चुकून पुढच्या टोकाला थांबली. भाऊंनी ती मध्ये घ्यायला लावली, तर आकडा बदलला. दुसरा कोणी असता तर मधला आकडा धरून मोकळा झाला असता. यांनी तीच ट्रॉली मागच्या टोकाला, मध्ये आणि पुढच्या टोकाला अशी तीन ठिकाणी उभी करून तीन आकडे कागदावर लिहिले. आपला काटा पाच-पाच किलोने वाचतो. पुढच्या टोकाला वीस किलो कमी येत होते. मधला आकडाही मागच्यापेक्षा कमीच होता.

याचे कारण समजून घ्या, कारण हा काटा तुमच्या बाजारातही आहे. भुईकाट्याचा फलाट खालच्या वजन मोजणाऱ्या यंत्रांवर टेकलेला असतो आणि चारी बाजूंनी बोटभर फट मोकळी असते. त्या फटीत चिखल, खडे, पऱ्हाटीचे तुकडे घट्ट बसले की भरलेल्या ट्रॉलीचा थोडा भार फलाटाकडून कडेच्या चौकटीवर जातो. तो भार यंत्राला कळतच नाही, म्हणून वजन कमी दाखवते. रिकाम्या काट्यावर हा दोष दिसत नाही. शून्य बरोबर आहे म्हणजे काटा बरोबर आहे, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. एकच भरलेली गाडी तीन ठिकाणी उभी करून पाहा.

भाऊंनी काटा बंद केला. बाहेर रांग लागलेली, जिनिंगवाल्यांची घाई, आणि आम्ही स्वतः, व्यवस्थापक म्हणवणारे, त्यांना म्हणालो की संध्याकाळी साफ करू. ते म्हणाले, "पट्टीवर सही माझी आहे." फट साफ झाली, तीच ट्रॉली पुन्हा तीन ठिकाणी तोलली, आकडा एक आला, तेव्हा काटा सुरू झाला.

पण आमच्या मते खरे काम त्यापुढचे आहे. सकाळच्या चौदा ट्रॉल्यांपैकी नऊ अजून यार्डातच होत्या, माल उतरलेला नव्हता. त्या परत तोलल्या. पंधरा ते पंचवीस किलोंचा फरक निघाला. बाकीच्या पाच गंजीवर रिकाम्या होऊन गेल्या होत्या, त्यांचा फरक मोजण्याचा मार्ग उरला नव्हता. भाऊंनी पाचही पट्ट्या आमच्या टेबलावर आणून ठेवल्या. समितीत म्हटले गेले की शेतकऱ्यांची तक्रार नाही, तर आपण कशाला उकरायचे? शेवटी दर ट्रॉलीला वीस किलो धरले. पाच ट्रॉल्यांचा एक क्विंटल झाला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, त्याप्रमाणे प्रत्येकाला १,६२२ रुपये चुकाऱ्यात वाढवून दिले. वीस किलो हा अंदाज आहे, कोणाला पाच किलो कमी मिळाले असतील, कोणाला जास्त. बाजारात कडता कापताना कोणी इतका विचार करत नाही, एवढेच सांगतो.

दुसरी नोंद उलट बाजूची आहे. जानेवारीत एक ट्रॉली भरलेली तोलली गेली ती ताडपत्रीसकट. रिकामी होऊन परत आली तेव्हा ताडपत्री गंजीजवळच राहिलेली. तशीच रिकामी ट्रॉली तोलली असती तर ताडपत्रीचे वजन कापसाच्या भावाने देणे झाले असते. भाऊंनी ताडपत्री मागवली, तिच्यासकट ट्रॉली तोलली. फरक पंचवीस किलोंचा. ट्रॉली आपल्या समितीतल्याच एका सदस्याची होती. ते रागावले, चारचौघांत बोलले. त्यांनी मुद्दाम केले असे आम्हाला वाटत नाही, आणि भाऊंनीही तसे म्हटले नाही. त्यांनी फक्त ताडपत्री मागितली.

सत्काराआधी ही दोन्ही टिपणे आम्ही भाऊंना वाचून दाखवली, आणि ते बरे झाले. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, त्या सदस्याचे नाव घ्यायचे नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. फटीत काहीतरी अडकले आहे हे त्यांना दिसलेच नव्हते. ते केबल आणि यंत्र तपासत बसले होते. यार्ड झाडणाऱ्या दोघी बहिणी म्हणाल्या, "भाऊ, फलाट कडेला घासल्यावाणी आवाज करते." त्यांनीच सळईने फट उकरली, पाऊण तास. वहीत त्यांचे नाव नव्हते, कारण वही खोलीत टांगलेली आणि त्यांचे काम बाहेर. ही चूक आमची. पुढच्या हंगामात रोज संध्याकाळी हजेरी घेताना यार्डातल्या बायांनाही विचारून वही भरायची, असे ठरले आहे.

भाऊंचा एक दोषही सांगतो, नाहीतर पुन्हा मागच्या वर्षासारखेच व्हायचे. ते तोंडाने फटकळ आहेत. सहा वाजता काटा बंद म्हणजे बंद. डिसेंबरात एका शेतकऱ्याला त्यापायी गाडीखाली रात्र काढावी लागली. तो भाऊ आज इथे बसला आहे, आणि त्याने अजून माफ केलेले नाही.

शाल आणि नारळ आहेच. सोबत एक कागद आहे, त्यावर या दोन घटना तारखेसकट लिहिल्या आहेत. भाऊंची नोकरी हंगामी आहे. उद्या दुसऱ्या जिनिंगवर काम मागायला गेले तर 'प्रामाणिक' या शब्दाने त्यांचे काही भागणार नाही. हा कागद दाखवता येईल. बारमाही नेमणुकीचा ठराव दुपारच्या सत्रात येतो आहे, त्यावर तुम्ही मत द्यायचे आहे.

काटेवाले भाऊ, पुढे या. आणि यार्डातल्या त्या दोघी बहिणी मागे खांबापाशी उभ्या आहेत, त्यांनीही यावे. कागद तीन केले आहेत.